मिरज–लोंढा वेळापत्रकाच्या फोटोवरून रूट टेबल : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

खानापूरच्या सरांकडनं शेवटी फोटो आला. जुन्या रेल्वे टाइमटेबलच्या पुस्तकातलं मिरज–लोंढा सेक्शनचं एक पान आहे, पुस्तक टेबलावर उघडं ठेवून मोबाइलनं काढलेलं. कव्हर गेलंय त्यामुळे साल कळत नाही, पण पानावरचे गाडी नंबर पाच आकडी नाहीत आणि आपल्याकडं नंबर पाच आकडी झाले डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे पुस्तक त्याच्या आधीचं. बेळगावचं नावही इंग्रजीत जुन्या स्पेलिंगनंच छापलंय, ते सरकारी पातळीवर बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला, त्यामुळे तेही जुळतंय.

सरांना सगळं पान एकदम नकोय. आधी पाहिजे ती लोंढ्याहून सकाळी सुटून मिरजेकडं जाणारी पॅसेंजर, कारण गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर इकडची शिकणारी पोरं आणि भाजी घेऊन येणाऱ्या बायका त्या गाडीनं बेळगावात यायच्या आणि सर त्यांच्यावर लिहायलेत. त्यांना एकच साधा तक्ता पाहिजे, स्टेशन, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, आणि तो चुकीचा असून चालणार नाही कारण एकदा छापलं की तेच खरं धरलं जातं. म्हणून ठरवलंय की नुसते आकडे उतरवून द्यायचे नाहीत, प्रत्येक आकडा पानावर छापलेला आहे की आपण काढलेला आहे ते तक्त्यातच दिसलं पाहिजे.

आज फक्त पान नीट बघितलं. मधोमध स्टेशनांची नावं आणि किलोमीटर, वर मिरज आणि खाली लोंढा. डाव्या बाजूला मिरजेहून लोंढ्याकडं जाणाऱ्या गाड्यांचे कॉलम, ते वरून खाली वाचायचे. उजव्या बाजूला लोंढ्याहून मिरजेकडं येणाऱ्या गाड्या, आणि ते कॉलम खालून वर वाचायचे. जुन्या लोकांना हे सवयीनं माहीत असतं, आपल्याला मुद्दाम लिहून ठेवावं लागतंय. आपली गाडी उजवीकडची.

६ जानेवारी

फोटो तिरका आहे आणि पुस्तक घट्ट बांधलेलं असल्यामुळे पान मध्ये शिवणीकडं वाकलंय. या दोन वेगळ्या अडचणी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. तिरकेपणा चार कोपरे देऊन सरळ करता येतो, त्यासाठी एवढं पुरतं:

```
magick pan.jpg -distort Perspective "112,90 0,0 2890,140 2800,0 2850,3920 2800,3900 60,3860 0,3900" saral.png
```

प्रत्येक जोडीतला पहिला आकडा फोटोतला कोपरा आणि दुसरा तो कुठं जायला पाहिजे ते. पण वाकलेलं पान यानं सरळ होत नाही, कारण चार कोपरे जागेवर आले तरी मधली ओळ कमानीसारखी राहते. स्टेशनच्या नावापासून एक रेघ आडवी ओढून बघितली तर शिवणीजवळच्या कॉलमात ती रेघ खालच्या स्टेशनच्या आकड्यावर जाऊन पडते. म्हणजे आकडा बरोबर वाचला तरी तो चुकीच्या स्टेशनला चिकटणार, आणि ते कळणारही नाही, कारण वेळ दिसायला अगदी खरी असते. वाचण्यातल्या चुकीपेक्षा ही वाईट.

सरांना फोन केला, तेच पान परत काढून पाठवा म्हणून. सांगितलं की खिडकीजवळ उजेडात ठेवा, फ्लॅश बंद, शिवणीकडची बाजू कुणाला तरी पट्टीनं दाबून धरायला सांगा आणि मोबाइल पानाच्या बरोबर वर धरा. काच ठेवू का म्हणाले, नको म्हटलं, काचेवर उजेड चमकतो आणि नेमका आकड्यावरच चमकतो.

८ जानेवारी

नवा फोटो छान आलाय. शिवणीकडं थोडी कमान आहेच पण ओळी आता एकमेकींत शिरत नाहीत.

सगळं पान एकदम ओसीआरला, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचून मजकूर काढणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलं तर काय होतं ते बघितलं. तो डावीकडून उजवीकडं ओळ धरून वाचत जातो, रिकामी जागा आली की सोडून देतो, त्यामुळे जिथं एखादी गाडी थांबत नाही तिथं पुढच्या गाडीची वेळ सरकून मागच्या गाडीला जाते. तक्त्यातली रिकामी जागा हीसुद्धा माहिती असते, आणि ती मजकुरात उतरत नाही, फक्त जागेवरूनच कळते. म्हणून पानाचे उभे पट्टे कापले, एक गाडी एक पट्टा, आणि प्रत्येक पट्टा वेगळा वाचायला लावला:

```
tesseract patti7.png out7 --psm 6 -c tessedit_char_whitelist=0123456789. tsv
```

शेवटचं `tsv` महत्त्वाचं. त्यामुळे नुसता आकडा मिळत नाही, तो पट्ट्यावर किती उंचीवर आहे तेही `top` मध्ये मिळतं. स्टेशनांच्या नावांचा पट्टा पण तसाच वाचून घेतला, त्यातल्या प्रत्येक नावाची उंची लिहून ठेवली, आणि मग प्रत्येक वेळेला सगळ्यात जवळच्या उंचीचं स्टेशन लावलं. जवळचं स्टेशनसुद्धा अर्ध्या ओळीपेक्षा लांब असेल तर ती वेळ कुणालाच लावायची नाही, बाजूला काढून डोळ्यांनी बघायची.

एक छोटी गोष्ट. गाडी न थांबता पुढं जाते तिथं या पानावर उभी रेघ आहे. आपण फक्त आकडे आणि टिंब वाचायची परवानगी दिल्यामुळे ती रेघ `1` म्हणून येते. पण तिच्यात टिंब नसतं, त्यामुळे ज्यात टिंब नाही ती वेळ नाही एवढ्या नियमानं सगळ्या रेघा गळून जातात.

९ जानेवारी

आज भाची बसली होती शेजारी, तिची परीक्षा झालीय. आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकताना तीच म्हणाली, "मामा, हे सहा दहा होतं नव्हं, सहा एक कसं झालं?" बरोबर. `6.10` टाकलं की शीट त्याला दशांश संख्या समजतं आणि शेवटचं शून्य उडवून `6.1` करून ठेवतं. आता ते सहा वाजून दहा मिनिटं की सहा वाजून एक मिनिट हे शीट बघून कुणालाच सांगता येणार नाही. आधी सगळे कॉलम टेक्स्ट करून घ्यायचे, मगच पेस्ट करायचं, आणि वेळेचा हिशोब करताना मिनिटाचे दोन आकडे नसतील तर ती वेळ मान्यच करायची नाही:

```python
def mini(t):
    h, m = t.split('.')
    if len(m) != 2 or int(m) > 59:
        return None
    return int(h) * 60 + int(m)
```

मध्यरात्रीपासूनची मिनिटं मोजली की वजाबाकी सोपी होते. रात्रीच्या गाड्यांना बारानंतर वेळ परत शून्यावर येते, तिथं एकदम बारा तासांपेक्षा जास्त मागं गेल्यासारखं दिसलं की पुढच्या सगळ्या वेळांत `1440` मिळवायचे. आपली पॅसेंजर सकाळची, तिला हे लागत नाही.

११ जानेवारी

आज खरी गोम सापडली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

छोट्या स्टेशनांना या पानावर एकच ओळ आहे. खानापूर, बेळगाव, घटप्रभा, मिरज अशा मोठ्या स्टेशनांना दोन ओळी, एकीवर येण्याची वेळ आणि दुसरीवर सुटण्याची. डावीकडच्या गाड्यांसाठी स्टेशनच्या नावाशेजारी वर `a` आणि खाली `d` छापलंय, म्हणजे आधी येते मग सुटते, वरून खाली वाचताना बरोबर क्रम. मी हीच अक्षरं उजवीकडच्या गाड्यांनाही लावून बघितली आणि आपल्या पॅसेंजरची बेळगावची ओळ अशी आली की गाडी ७.४० ला येते आणि ७.३० ला सुटते. खानापूरला ६.४४ ला येते, ६.४२ ला सुटते. घटप्रभेलाही तसंच उलटं.

अशा वेळी बघायचं की उलटं एकाच ठिकाणी आहे की सगळीकडं. एकाच स्टेशनला येण्याची वेळ सुटण्यानंतरची दिसली तर आकडा चुकीचा वाचला गेलाय. पण एका दिशेच्या प्रत्येक गाडीला प्रत्येक मोठ्या स्टेशनवर तसंच होत असेल तर आकडे बरोबर आहेत आणि ओळींची नावं उलटी लागलीत. उजवीकडचे कॉलम खालून वर वाचायचे असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी आधी येणारी ओळ खालची आणि मग सुटण्याची ओळ वरची. पानाच्या उजव्या कडेला बारीक अक्षरात `d` वर आणि `a` खाली छापलेलं आहेच, ते फोटोत शिवणीच्या सावलीत गेलंय. मोठं करून बघितल्यावर दिसलं.

हे लिहून ठेवायचं कारण असं की काही लोक इथं आपोआप अदलाबदल करणारा नियम घालतात, येण्याची वेळ मोठी असेल तर दोन्ही बदलून टाका म्हणून. तसं करू नये. त्यानं ओळींचा घोळ तर सुटतो पण एखादा आकडाच चुकीचा वाचला असेल तर ती चूक पण झाकली जाते, आणि तक्ता वरून अगदी स्वच्छ दिसतो. दिशा बघून ओळींना नावं द्यायची आणि त्यानंतरही उलटं दिसलं तर ते तपासायला बाहेर काढायचं.

नावं नीट लावल्यावर कॉलम खालून वर उलटा केला, आता लोंढा पहिली ओळ.

१२ जानेवारी

आज तपासणी. नियम एकच, गाडी मागं जात नाही. येणं-सुटणं-येणं-सुटणं अशी सगळी मिनिटं एका माळेत लावली की प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा पाहिजे:

```python
purva = -1
for st, arr, dep in rows:
    for x in (arr, dep):
        if x is None:
            continue
        if x < purva:
            print('तपासा:', st)
        purva = x
```

यात एक ध्यानात ठेवायचं. आकडा खऱ्यापेक्षा कमी वाचला गेला असेल तर खूण त्याच स्टेशनवर पडते, पण जास्त वाचला गेला असेल तर खूण पुढच्या आकड्यावर पडते, जो बिचारा बरोबर असतो. म्हणून खूण पडली की तो आणि त्याच्या आधीचा असे दोन्ही फोटोत बघायचे.

बेळगावची येण्याची वेळ ओसीआरनं `7.80` दिली होती. ती `mini` नंच बाहेर टाकली कारण ऐंशी मिनिटं नसतात. इथं एक फायद्याची गोष्ट आहे, मिनिटाचा दशकाचा आकडा शून्य ते पाच एवढाच असू शकतो. त्या जागी `8` आला तर तो बहुतेक वेळा तीन असतो नाहीतर शून्य, `7` आला तर एक. फोटोत बघितलं, तीनच होता, ७.३०.

खरी पंचाईत एककाच्या आकड्याची. तिथं शून्य ते नऊ काहीही चालतं त्यामुळे कुठलाच नियम ओरडत नाही. देसूरची वेळ `7.03` आली होती. इदलहोंड ६.५७, देसूर ७.०३, बेळगाव ७.३०, क्रम एकदम बरोबर, कुठं खूण नाही. पण इदलहोंड ते देसूर सहा मिनिटं आणि देसूर ते बेळगाव सत्तावीस, हे मनाला पटेना. मग संध्याकाळची परतीची पॅसेंजर बघितली, डाव्या बाजूची. तिला देसूरहून इदलहोंडला अकरा मिनिटं लागतात. तीच लाइन, तशीच सगळीकडं थांबणारी गाडी, मग येताना सहा आणि जाताना अकरा कसं? सिंगल लाइनवर क्रॉसिंगला थांबवलं म्हणून वेळ वाढू शकते, पण कमी होत नाही, म्हणून दोन्हीपैकी जी फार कमी आहे तिच्यावर संशय घ्यायचा.

फोटोचा तो तुकडा आठपट मोठा केला. भाचीला काही न सांगता विचारलं हे काय हाय बघ. "आठ हाय की मामा, डावीकडची बाजू बंद हाय, फक्त शाई उडालीय." खरंच, तीनाची डावी बाजू उघडी असते आणि इथं वरच्या गोलाला डावीकडं पुसट काठ आहे. ७.०८. आता इदलहोंड ते देसूर अकरा मिनिटं, जातानाएवढीच.

देसूर ते बेळगाव तरी बावीस मिनिटं राहतात, तेही जास्त वाटतंय, पण ते बदलायचं नाही. वेळापत्रकात मोठ्या स्टेशनच्या आधी थोडी जादा वेळ धरलेली असते म्हणजे उशीर झालेली गाडी तिथं भरून काढू शकते. त्यामुळे मोठ्या स्टेशनात शिरतानाचा वेग नेहमी कमीच निघतो. तिथं कमी वेगावरून चूक काढायला गेलो तर बरोबर आकडे बिघडवून बसू.

किलोमीटरनं पण एकदा बघितलं. बेळगाव ते लोंढा रेल्वेनं सुमारे ५१ किलोमीटर आणि खानापूर साधारण मध्यावर. लोंढ्याहून ६.०५ ला सुटून खानापूरला ६.४२, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर सदतीस मिनिटांत, तासाला चाळीसच्या आसपास. मध्ये गुंजीला थांबून जाणाऱ्या पॅसेंजरला हे शोभतं. खानापूरहून ६.४४ ला सुटून बेळगावला ७.३०, तासाला चौतीसच्या आसपास, मध्ये दोन थांबे आणि वर ती जादा वेळ धरली तर बसतंय. इथं जर तासाला नव्वद निघाले असते तर एखादा तासाचा नाहीतर दशकाचा आकडा गेला असं समजायचं. एककातली चूक या हिशोबात दिसत नाही, एवढ्या लांब पट्ट्यात पाच मिनिटं कुठंही मुरतात. तिला परतीची गाडीच पाहिजे.

१४ जानेवारी

संक्रांत, तरी संध्याकाळी सर आले तिळगूळ घेऊन, त्यांनाच तक्ता दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न, "गुंजीला येण्याची वेळ रिकामी का सोडलीस रे?"

त्यांना सांगितलं ते इथंही लिहितो. छोट्या स्टेशनला पानावर एकच वेळ छापलीय, ती सुटण्याची. गाडी किती वाजता आली ते पानावर नाही. सर म्हणाले एक मिनिट आधी धर, सगळ्यांना माहीत आहे गाडी तिथं एक मिनिटच थांबायची. असेलही, पण ते सरांच्या आठवणीतलं आहे, पानावरचं नाही, आणि दोन्ही एकाच कॉलमात गेलं की नंतर वेगळं करता येत नाही. म्हणून रिकामं ते रिकामंच ठेवलं, आणि शेजारी एक कॉलम घातला, वेळ कुठून आली ते सांगणारा.

कुणाला हा तक्ता पुढं मॅपच्या सॉफ्टवेअरला द्यायचा असेल तर तिथं रिकामं येणं चालतंच असं नाही. जीटीएफएस म्हणजे मॅपला वेळापत्रक देण्याची ठरलेली फाइल-पद्धत, तिच्या `stop_times.txt` मध्ये दोन्ही वेळा वेगळ्या माहीत नसतील तर `arrival_time` आणि `departure_time` सारखीच देतात, आणि `timepoint` मध्ये `0` टाकलं की ही वेळ अंदाजे आहे असं सांगता येतं. ती फाइल वेगळी काढायची, मूळ तक्त्याला हात लावायचा नाही. तिथं रात्रीची गाडी पण सोपी होते, बारानंतरची वेळ `24:10:00` अशी लिहायला परवानगी असते त्यामुळे माळ मागं जात नाही.

सरांना पटलं. म्हणाले आठवणीतलं मी माझ्या लेखात लिहीन, तू तक्त्यात फक्त छापलेलं ठेव.

स्टेशनच्या नावांचाही निर्णय झाला. पानावर बेळगाव एका स्पेलिंगनं, आताच्या रेल्वेच्या यादीत बेळगावी दुसऱ्या स्पेलिंगनं, आणि आपण मराठीत बेळगाव. नावावरून दोन तक्ते जोडायला गेलं की दोन वेगळी स्टेशनं तयार होतात. पण स्टेशनचा कोड `BGM` नाव बदलल्यावरही तोच राहिलाय, लोंढ्याचा `LD`, खानापूरचा `KNP`, मिरजेचा `MRJ`. म्हणून जोडायला कोड आणि वाचायला मराठी नाव. छोट्या स्टेशनांचे कोड यादीत बघून मगच भरायचे, अंदाजानं नाही.

१७ जानेवारी

बेळगावपर्यंतचा भाग पक्का झाला, सरांना पाठवला:

```
क्र,स्टेशन,येते,सुटते,कुठून
1,लोंढा,,6.05,छापील
2,गुंजी,,6.24,छापील
3,खानापूर,6.42,6.44,छापील
4,इदलहोंड,,6.57,छापील
5,देसूर,,7.08,छापील-पुसट
6,बेळगाव,7.30,7.40,छापील
```

लोंढ्याला येण्याची वेळ नाही कारण गाडी तिथूनच सुटते, ते रिकामं आणि गुंजीचं रिकामं यात फरक आहे हे सरांना चिठ्ठीत लिहून दिलंय. देसूरला "पुसट" ठेवलंय, कारण तिथं मोठं करून आणि परतीच्या गाडीवरून ठरवलंय, उद्या कुणाकडं त्याच पुस्तकाची दुसरी प्रत निघाली तर पहिल्यांदा तीच ओळ ताडून बघायची.

बेळगावच्या पुढं सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ करत मिरजेपर्यंतचा पट्टा वाचून झालाय, क्रमाच्या तपासणीत पण बसलाय. पण रायबागच्या वरचा भाग शिवणीच्या अगदी जवळ आहे आणि तिथं दोन ओळींच्या उंचीत अर्ध्या ओळीहून जास्त फरक येतोय, त्यामुळे त्या वेळा अजून कुठल्याच स्टेशनला लावलेल्या नाहीत. सरांना तेवढ्या वरच्या कोपऱ्याचा जवळून फोटो मागितलाय, मधोमधच्या स्टेशनांच्या नावांसकट, म्हणजे उंची परत त्याच फोटोतून मोजता येईल.